तिरफळ, सुरंगी आणि शिकेकाई : स्मृतिभ्रंश असलेल्या एका आजींसोबत केलेले गंधस्मरण

हे प्रकरण एका ब्याऐंशी वर्षांच्या आजींचे आणि त्यांच्यासोबत केलेल्या गंधस्मरणाचे, म्हणजे ओळखीचे वास देऊन आठवणी जागवण्याच्या प्रयत्नाचे आहे. कुटुंबाच्या संमतीने ते लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणून, म्हणजे आजारी माणसाला रोजची कामे जमावीत यासाठी, घरी जाऊन काम करते. या घरी मी जानेवारी ते एप्रिल असे बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा दुपारी जात असे.

आजींचा जन्म वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीत झाला. अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या गिरगावातल्या चाळीत आल्या, तिथे चाळीस वर्षांहून अधिक काळ राहिल्या आणि आता डोंबिवलीत मुलाकडे असतात. अल्झायमरचे निदान चार वर्षांपूर्वी झाले होते. मी भेटले तेव्हा आजार मधल्या टप्प्यात होता. त्या स्वतःच्या हाताने जेवत आणि घरात फिरत, परंतु मुलाला कधी भाऊ तर कधी दीर समजत. गेल्या वर्षभरात त्यांची मुंबईची मराठी मागे पडून बोलण्यात मालवणी वाढली होती. सूनबाई साताऱ्याकडच्या असल्यामुळे त्यांना ती अर्धीच कळे. आंघोळीला सकाळी होणारा कडवा विरोध आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सुरू होणारी "घराक जावचा आसा" ही घालमेल, या दोन अडचणींसाठी कुटुंबाने मला बोलावले होते. ती घालमेल दीड-दोन तास चाले आणि त्या वेळात आजी दाराची कडी पुन्हा पुन्हा काढत.

काम सुरू करण्याआधी सूनबाईंनी माझ्या सांगण्यावरून चौदा दिवस एका वहीत दोनच गोष्टी लिहिल्या. आंघोळ शांतपणे झाली, झटापट करून झाली की झालीच नाही, ही एक. संध्याकाळची घालमेल किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता शमली, ही दुसरी. त्या चौदा दिवसांत नऊ दिवस आंघोळ झाली नाही किंवा झटापटीने झाली. पुढे काय बदलले हे सांगताना मी याच वहीचा आधार घेणार आहे.

नाक आधी तपासावे लागते

गंधाची वाट इतर संवेदनांपेक्षा वेगळी आहे. डोळ्यांतून आणि कानांतून येणारी माहिती मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या केंद्रातून पुढे जाते. वास मात्र नाकाच्या वरच्या भागातून मेंदूतल्या गंधकंद या छोट्या भागात आणि तिथून जवळजवळ थेट भावना व स्मृती यांच्याशी जोडलेल्या भागांत पोहोचतो. म्हणूनच वासाने आठवण एकदम अंगावर येते. परंतु स्मृतीच्या दाराशी असलेला जो भाग अल्झायमरमध्ये सर्वांत आधी बाधित होतो, तोच या वाटेवर आहे. त्यामुळे या आजारात वास ओळखून त्याचे नाव सांगण्याची क्षमता फार लवकर ढासळते, पुष्कळदा विसरभोळेपणा घरच्यांच्या लक्षात येण्याच्याही आधी. वास ओळखीचा वाटणे, आवडणे किंवा नावडणे, त्यासोबत अंगात काहीतरी जागे होणे या गोष्टी मात्र नावापेक्षा अधिक काळ टिकताना दिसतात. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात आणि पार्किन्सनमध्ये वास येणेच मोठ्या प्रमाणात कमी झालेले असू शकते. अशा व्यक्तीपुढे डब्या धरत बसणे तिला उगीच त्रास देणारे ठरते.

म्हणून पहिल्या भेटीत मी फक्त वास येतो का हे पाहिले. यात सहज होणारी चूक म्हणजे कापूर हुंगवणे. कापूर, पुदिना, निलगिरी, तिखट यांची झणझण गंधाच्या नव्हे, तर चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेवाटे जाणवते. त्यामुळे गंध पूर्ण गेलेला माणूससुद्धा कापराला दचकतो आणि घरच्यांना वाटते की नाक शाबूत आहे. वेलची आणि लवंगही या परीक्षेला तितक्याशा योग्य नाहीत, कारण त्यांतही थोडी झणझण असते. गुलाबाचा वास जवळजवळ निव्वळ गंध असतो. मी दोन सारख्या डब्या घेतल्या. एकीत गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस होता आणि दुसरीत साध्या पाण्यात भिजवलेला. काही न विचारता मी त्या आळीपाळीने आजींच्या हनुवटीखाली वीतभर अंतरावर धरल्या. साध्या कापसापाशी त्यांनी एकदा श्वास घेऊन माझ्याकडे पाहिले. गुलाबाच्या डबीपाशी त्यांनी दोनदा श्वास ओढला आणि मान किंचित पुढे आणली. मी क्रम बदलून हे तीनदा केले आणि तीनही वेळा फरक दिसला. नाक कामाचे होते. सर्दी नव्हती, तपकिरीची सवयही कधी नव्हती, हे सूनबाईंना विचारून घेतले.

पहिली यादी कोणाची होती

पहिल्या आठवड्यासाठी मुलाने मोठ्या हौसेने वस्तू जमवल्या. मोगऱ्याचा गजरा, लाल लाइफबॉय, मैसूर सँडल साबण, दिवाळीचे उटणे आणि गोडा मसाला. नातवाने भर म्हणून मोगऱ्याच्या तेलाचे विजेवर चालणारे यंत्र आणले. प्रत्येक वस्तूमागे मुलाची एक आठवण होती. चाळीतला नळ, शुक्रवारचा गजरा, नरक चतुर्दशीची पहाट. तो ती सांगत असताना त्याचा आवाज भरून येत होता.

आजींनी मोगरा हुंगला आणि "बरो आसा" म्हणून खाली ठेवला. उटण्याकडे दुर्लक्ष केले. लाइफबॉय त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला, नाकाशी नेला आणि बाजूला सारला. हे शेवटचे समजण्यासारखे आहे, कारण लाल रंग तोच असला तरी वास तो नाही. या साबणाचा जुना ओळखीचा दर्प कार्बोलिकचा होता, आणि २००२ साली त्याचे रूप व सुगंध दोन्ही बदलण्यात आले. डोळ्यांनी जे वचन दिले ते नाकाने पाळले नाही, आणि स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला अशी तफावत गोंधळात टाकते. जुन्या साबणांच्या बाबतीत वेष्टनावरचे नाव पाहून भुलू नये. घरातल्या त्या काळातल्या एखाद्या माणसाने आधी हुंगून "होय, हाच" म्हटल्याशिवाय तो पुढे ठेवू नये. मैसूर सँडलमध्ये आजही चंदनाचे तेल असते, त्यामुळे तो या कसोटीला उतरला. परंतु त्याचा शोध वेगळ्याच रीतीने लागला. माझे लक्ष वहीकडे असताना आजींनी त्याचा कोपरा चावला. पिवळसर, गुळगुळीत, हाताएवढी वडी. त्यांनी ती खायची वडी समजली यात त्यांचा काही दोष नव्हता. तोंड धुतले आणि काही अपाय झाला नाही, पण चूक माझी होती. त्यानंतर साबण कधीही अख्खा दिला नाही. त्याची सुरीने काढलेली ताजी पापुद्र्यासारखी कीस मलमलीत बांधून दिली. वडीचा वरचा थर वाऱ्याने निर्गंध झालेला असतो, तर आतली कीस चांगली घमघमते. कापूर आणि डांबराच्या गोळ्या मात्र घरातून पूर्ण हलवल्या, कारण त्या गोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात आणि थोडा कापूर पोटात गेला तरी झटके येऊ शकतात.

तेलाचे यंत्र दुसऱ्याच दिवशी बंद केले. सतत येणाऱ्या वासाला नाक काही मिनिटांत सरावते. मग तो जाणवेनासा होतो, पण डोके दुखवायचे राहत नाही. शिवाय तो मोगरा फुलाचा नव्हता.

त्याच आठवड्यात माझी आणखी एक चूक झाली. गोड्या मसाल्याची डबी पुढे धरून मी सवयीने विचारले, "आजी, कसला वास आहे?" त्यांनी माझ्याकडे, मग सुनेकडे पाहिले आणि "माका म्हायत नाय" असे म्हणून डबी ढकलली. उरलेला वेळ त्या गप्प होत्या. नाव सांगणे हीच त्यांची सर्वांत आधी हरवलेली गोष्ट होती, आणि मी नेमकी तीच परीक्षा घेतली होती.

पहिल्या आठवड्यातल्या या कोरडेपणाने मला एका संशोधनाची आठवण झाली. शब्द किंवा चित्र दाखवून जागवलेल्या आठवणी साधारण दहा ते पंचवीस या वयात घडलेल्या गोष्टींच्या असतात, परंतु वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी त्याहून मागच्या, बहुतांशी आयुष्याच्या पहिल्या दशकातल्या असतात, असे २००० साली इंग्लंडमध्ये आणि २००६ साली स्वीडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसले. हे अभ्यास स्मृतिभ्रंश नसलेल्या वृद्धांवरचे आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. पण त्यांनी मला योग्य प्रश्न दिला. मुलाची यादी गिरगावातली होती. ती त्याच्या बालपणाची होती, आजींच्या नव्हे. आजींचे पहिले दशक वेंगुर्ल्यात गेले होते, आणि या घरात त्या दशकाचा एकही वास नव्हता. स्वयंपाकघरातला मसालासुद्धा सूनबाईंच्या माहेरचा होता. आजींच्या धाकट्या बहिणीला गावी फोन लावला. तुमच्या लहानपणी घराला कशाकशाचा वास यायचा, एवढेच मी विचारले. त्या पाऊण तास बोलल्या. त्यांच्या बोलण्यातून आलेली यादी अशी होती : बांगड्याच्या तिखल्यातले तिरफळ, वाळत घातलेली आमसुले, आई केसांत माळायची ती सुरंगी, उशाला ठेवलेली ओवळाची म्हणजे बकुळीची माळ, न्हाणीघरातल्या तपेल्यात उकळणारी शिकेकाई.

डबी, अंतर आणि वेळ

तिसऱ्या आठवड्यापासून बैठकीची रीत ठरली. वेळ दुपारी चारची, म्हणजे घालमेल सुरू होण्याच्या तासभर आधीची. एका बैठकीत जास्तीत जास्त तीन वास, आणि पुष्कळदा एकच. जिन्नस पसरट तोंडाच्या छोट्या काचेच्या बाटलीत घालून तोंडावर मलमलीचा तुकडा रबराने घट्ट बांधायचा. म्हणजे पूड नाकातोंडात जात नाही आणि काही तोंडातही घालता येत नाही. बाटली हनुवटीखाली वीतभर अंतरावर दोन-तीन श्वासांपुरती धरायची आणि खाली घ्यायची. दुसरा वास किमान दोन-तीन मिनिटांनी. आजींनी मान फिरवली, कपाळाला आठी पडली किंवा हाताने दूर केले, तर तो नकार समजून थांबायचे, त्याच दिवशी पुन्हा तोच वास द्यायचा नाही. प्रश्न विचारायचे नाहीत, वासाशेजारी एखादे साधे वाक्य ठेवायचे आणि गप्प राहायचे. हे गप्प राहणे सर्वांत अवघड गेले. मी घड्याळात पाहून निदान एक मिनिट थांबत असे, कारण आजींचा प्रतिसाद कधीकधी तेवढ्या उशिराने येई.

वास त्याच्या मूळ रूपात द्यावा लागतो, हे तिरफळाने शिकवले. सुकी तिरफळे बाटलीत जवळजवळ मुकी असतात. मी चार-पाच तिरफळे आयत्या वेळी खलबत्त्यात किंचित ठेचली आणि वाटीभर कोमट नारळाच्या रसात टाकली, तेव्हा त्यांचा तो लिंबासारखा, किंचित झोंबणारा दरवळ उठला. हिंगाचेही तेच. कच्चा हिंग उग्र असतो आणि बहुतेकांना नकोसा वाटतो, कारण आठवणीत साठलेला वास फोडणीतल्या हिंगाचा असतो. तो हवा असेल तर स्वयंपाकघरात फोडणी करावी आणि दार उघडे ठेवावे. मोहरीचा तडतडाटही सोबत येतो.

तिरफळाची वाटी पुढे धरून मी म्हटले, "आज बांगड्याचं तिखलं करायचं आहे." आजींनी हुंगले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि अंगठा व तर्जनी एकमेकांवर घासू लागली. मला काही कळेना. सूनबाईंना वाटले, हाताला काही लागले असेल. मी काही सुकी तिरफळे ताटलीत ठेवून ती त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी एक उचलले, बोटांनी उघडले, आतली काळी बी झटकन बाजूला टाकली आणि टरफल दुसरीकडे ठेवले. तिरफळाची बी टाकून देतात, उपयोगाचे असते ते टरफल. हे मला पुस्तकातून माहीत होते आणि त्यांच्या बोटांना सत्तर वर्षांपासून. वीस-बावीस तिरफळे त्यांनी निवडली. मध्येच सुनेकडे पाहून विचारले, "बांगड्याक घातलंस काय?" सूनबाई म्हणाल्या, "घालते, आई." गेल्या कित्येक महिन्यांत दोघींमध्ये स्वयंपाकाविषयी झालेले ते पहिले बोलणे होते. त्या दिवशी पाच वाजले, सव्वापाच वाजले, आणि आजी ताटलीपाशी बसून होत्या. कडीकडे त्या गेल्या सहा वाजता.

इथे गंधाने गोष्ट सांगायला लावली नाही, हात चालू केला. 'स्मरण' या शब्दामुळे आपण आठवण शब्दांत यावी अशी अपेक्षा धरतो. मधल्या टप्प्यातल्या माणसाकडून ती क्वचितच येते. बोटांची हालचाल, श्वासाची लय, गुणगुणणे, पदर सारखा करणे हेच उत्तर असते, आणि ते ओळखून त्या हाताला काम पुरवणे हे सोबतच्या माणसाचे काम असते. तिरफळ निवडताना कोणीतरी शेजारी बसले पाहिजे, कारण कच्चे तिरफळ चघळले तर जीभ बधिर होते आणि गिळताना ठसका लागू शकतो.

सुरंगी फेब्रुवारीच्या अखेरीस मिळाली. वेंगुर्ले तालुक्यातल्या आसोलीसारख्या गावांत तिची झाडे आहेत. पहाटे फुले काढून वळेसार, म्हणजे गजरे, बाजारात येतात. बहिणीने गावाहून येणाऱ्या एका माणसासोबत दोन वळेसार पाठवले. प्रवासात फुले कोमेजली होती, पण सुरंगीचा वास वाळल्यावरही टिकतो. आजींनी वळेसार दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मी मोजले नाही, पण ते बराच वेळ मिटलेले होते. मग वळेसार माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "आवशीक दी." आईला दे. आई कुठे आहे हे मी विचारले नाही. "देते" म्हटले आणि तो त्यांच्याच शेजारी उशीवर ठेवला. संध्याकाळभर त्या अधूनमधून त्याला हात लावत होत्या.

चौथा आठवडा

चौथ्या आठवड्यात जे घडले ते सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण गंधस्मरणाबद्दल गोड शब्दांत लिहिले जाते तेव्हा हा भाग सुटतो.

लहानपणच्या घरगुती औषधांचे वास द्यावेत असे माझ्या मनात आले. ओवा, वेखंड आणि बाळंतशोप मी आणली. ती बाटलीत न देता धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर चिमूटभर टाकून धुरी केली, कारण धुरी हेच त्यांचे मूळ रूप. अर्ध्या मिनिटात आजींनी पदर छातीशी घट्ट धरला, दोन्ही हातांची झोळी केली आणि त्या झुलू लागल्या. क्षणभर मला ते छान वाटले. मग त्या ओरडल्या, "माझा बाळ खंय आसा?" आणि रडू लागल्या. उठून त्यांनी पलंगाखाली, कपाटात, सुनेच्या खोलीत शोधले.

धुपाटणे लगेच बाहेर नेले, खिडक्या उघडल्या, पंखा लावला. परंतु धूर परत घेता येत नाही. तो पडद्यांत, चादरीत आणि आजींच्या लुगड्यात शिरला होता, आणि त्या जिथे जातील तिथे वास त्यांच्यासोबत जात होता. हे लक्षात यायला मला दहा मिनिटे लागली. लुगडे बदलले, तोंड-हात धुतले, गॅलरीत बसवले. तेव्हा कुठे रडणे ओसरू लागले. सगळे मिळून चाळीस मिनिटे गेली. त्या वेळात मी "बाळ नाही" असे म्हटले नाही आणि "बाळ झोपलंय" असेही म्हटले नाही. "बाळाची फार आठवण येते तुम्हाला," एवढेच म्हणत त्यांचा हात धरून बसले. खोटे बोलून शांत करावे असे मानणारे चांगले काळजीवाहक आहेत, आणि त्यांची अडचण मी समजू शकते. परंतु झोपलेले बाळ पाहायचे आहे असे आजी म्हणाल्या असत्या, तर मी काय दाखवले असते?

रात्री बहिणीने फोनवर सांगितले. आजींचे पहिले मूल गावी बाळंतपणात असताना सहा आठवड्यांचे होऊन गेले होते. मुलाला हे माहीत नव्हते. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी ओवा, वेखंड आणि शोपेचीच असते. मला हे सुचायला हवे होते.

या प्रसंगाने माझ्या पद्धतीत दोन गोष्टी कायमच्या बदलल्या. पहिली, वासाची माहिती घेताना मी आता सुरुवातीलाच विचारते की घरात दुःख, आजारपण, मृत्यू किंवा भीती यांच्याशी जोडलेला कोणता वास आहे, आणि हा प्रश्न मुलांऐवजी त्या पिढीतल्या माणसाला विचारते. दुसरी, जो वास झाकण लावून थांबवता येत नाही तो मी देत नाही. धुरी, उदबत्ती, फवारा, कपड्याला लावलेले अत्तर, सगळे वर्ज्य. दमा किंवा छातीचा विकार असलेल्यांसाठी धूर तसाही घातक असतो, पण ते कारण नसते तरी हे पुरेसे आहे. बाटली बंद होते.

न्हाणीघर

आंघोळीचा विरोध कशाला होता, हे मी दोन सकाळी प्रत्यक्ष पाहिले. फरशी पांढरी, वरून अंगावर पडणारा फवारा, आणि फळांच्या वासाचा द्रव साबण. आजींच्या दृष्टीने ती न्हाणी नव्हतीच. इथे गंधाचा उपयोग आठवण काढण्यासाठी नव्हे, तर ही जागा आंघोळीची आहे हे शरीराला कळवण्यासाठी केला. शिकेकाईच्या चार-पाच शेंगा, थोडा नागरमोथा आणि वाळ्याच्या काही काड्या यांची पुरचुंडी बांधून ती आंघोळीच्या आधी दहा मिनिटे कढत पाण्याच्या बादलीत टाकली आणि बादली न्हाणीघराच्या दाराशी ठेवली. पाणी अंगावर घेण्याजोगे होईपर्यंत वाफेसोबत वास बाहेरच्या खोलीत येई. अंगाला मात्र बिनवासाचा सौम्य साबणच वापरला, कारण या वयात त्वचा कोरडी असते. शिकेकाईने केस आठवड्यातून एकदाच, मान मागे करून धुतले, कारण ती डोळ्यांत गेली तर आग होते आणि पुढचे आठ दिवस वाया जातात.

सातव्या आणि आठव्या आठवड्यातली वही पाहिली, तर चौदा दिवसांपैकी चार दिवस आंघोळ टळली किंवा झटापटीने झाली. आधी हा आकडा नऊ होता. पण हे सगळे श्रेय पुरचुंडीचे म्हणता येणार नाही. त्याच काळात आम्ही फवाऱ्याऐवजी तांब्या आणला, बसायला लाकडी पाट ठेवला आणि वेळ आठऐवजी दहाची केली. यातला कोणता भाग किती उपयोगी पडला, हे एका घरात वेगळे काढता येत नाही. जुन्या आठवणी जागवण्याच्या उपचाराला स्मरणोपचार म्हणतात. त्यावर कोक्रेन या अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१८ साली केलेल्या आढाव्यात बावीस अभ्यास एकत्र पाहिले होते, आणि परिणाम अनेक ठिकाणी दिसले तरी ते लहान आणि असमान होते. माझी वही त्याच्याशी विसंगत नाही.

जे झाले नाही

नवव्या आठवड्यात आजींना सर्दी झाली. त्या सहा दिवसांत तिरफळ, बकुळ, आमसूल कशालाच प्रतिसाद आला नाही. सूनबाई घाबरल्या की आजार एकदम वाढला. नाक मोकळे झाल्यावर प्रतिसाद परतला. एकाएकी सगळेच वास फिके पडले, तर आधी नाक पाहावे.

आजींनी मुलाला पुन्हा ओळखले, असे झाले नाही. त्याला तशी आशा होती. सुरंगीच्या दिवशी त्याने जवळ बसून "आई, मी कोण?" असे विचारले आणि त्या लगेच आक्रसल्या. मी त्याला बाजूला घेऊन समजावले. तो काही वेळ बाहेर उभा राहिला आणि आत येऊन आईशेजारी तिरफळे निवडायला बसला. त्याला ती निवडता येत नव्हती. आजींनी त्याच्या हातातले तिरफळ काढून घेतले, उघडून दाखवले आणि पुन्हा त्याच्या हातात ठेवले.

संध्याकाळची घालमेल संपली नाही. बैठकीच्या दिवशी ती साधारण पाऊण ते एक तास उशिरा सुरू होई आणि लवकर शमे. इतर दिवशी जवळजवळ पूर्वीसारखीच असे. एकच वास रोज दिला तर तो सहा-सात दिवसांत बोथट होतो, हेही दिसले. म्हणून सूनबाईंसाठी पाच बाटल्यांचा फेर लावून दिला. सोमवारी तिरफळ, मंगळवारी काही नाही, बुधवारी बकुळ, गुरुवारी काही नाही, शुक्रवारी आमसूल. चंदनाची कीस आणि वाळलेली सुरंगी आलटून पालटून रविवारी. झाकणांवर जिन्नस भरल्याची तारीख लिहिली आहे. मसाल्यांच्या बाटल्या महिन्याने बदलायच्या, बकुळ वर्षभर चालते. फेराबाहेर काही नवे आणायचे असेल, तर आधी गावी मावशींना फोन करायचा, असे वहीच्या पहिल्या पानावर सूनबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे.

मेमध्ये मी एकदा सहज भेटायला गेले. वळेसारातली फुले सुकून तपकिरी झाली होती, पण बाटलीतला वास होता. आता आजींना बाटली स्वतः धरायची असते आणि मलमल काढता येत नाही म्हणून त्या चिडतात, असे सूनबाईंनी सांगितले. त्यावर आम्ही सुरंगीची छोटी पिशवी दुहेरी मलमलीत चारही बाजूंनी शिवून दिली. आजींनी ती चाचपली, हुंगली आणि कनवटीला लावली.